धागा: टाकीतून उतरणारी लाईन पाऊण इंची की एक इंची? (खानापूर, तळमजला + १)

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. खानापूरजवळ गावी घर बांधायलोय. खाली हॉल, स्वयंपाकघर, एक बाथरूम. वर दोन खोल्या आणि एक बाथरूम. वरच्या स्लॅबवर ४ फुटी कट्ट्यावर हजार लिटरची टाकी बसणार. प्लंबर म्हणतो, टाकीतून एकच पाऊण इंची सीपीव्हीसी लाईन उतरवू, वरचं आणि खालचं त्यातूनच, आणि प्रत्येक नळाला अर्धा इंची फाटा. माझे मेहुणे म्हणतात, एक इंचीच घाल. दोघांपैकी कुणीच "का" ते सांगत नाही. पुढच्या आठवड्यात भिंतीला झिरी मारणार, त्यानंतर बदल करता येणार नाही. हिशोब कसा करतात ते कुणी नीट सांगेल का?

शहापूरचा
दादा, हे तुमच्या हातात नसतं. आमच्याकडं बेळगावात राकसकोपचं पाणी अर्धा इंची कनेक्शननंच येतं. तुम्ही आत एक इंची घातली तरी मीटरपाशी अर्धाच. पाणी यायच्या दिवशी संप भरायला किती वेळ लागतो ते बघा आणि संप मोठा करा.

मलप्रभाकाठ
शहापूरचे, आमच्याकडं नळयोजनेचं पाणी आणि विहीर दोन्ही आहे, टाकी भरायची चिंता नाही. प्रश्न टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याचा आहे.

डिप्लोमा_सिव्हिल
सर, पाऊण इंची पुरते. सीपीव्हीसी पाऊण इंचीचा आतला व्यास साधारण १८ मिमी. मिनिटाला २० लिटर पाणी गेलं तरी वेग सेकंदाला १.३ मीटर होतो. घरातल्या पाईपमध्ये २ मीटरच्या आत वेग चालतो, म्हणजे तुम्ही मर्यादेच्या बरेच आत आहात. आणि दाब हा टाकीच्या उंचीवर असतो, पाईपच्या जाडीवर नाही. एक इंची म्हणजे नुसता खर्च.

पाईपरेंच
डिप्लोमा सर, वेगाचा आकडा बरोबर आहे आणि "दाब उंचीवर" हेही बरोबर आहे, पण ते नळ बंद असताना. पाणी वाहायला लागलं की पाईप त्या उंचीतला वाटा खातो, आणि किती खातो ते जाडीवरच ठरतं. वेगाची २ मीटरची मर्यादा आवाज आणि झीज होऊ नये म्हणून असते. पंपानं दाब दिलेल्या इमारतीत तेवढं बघून भागतं. खानापूरच्या या घरात अडचण वेगाची नाही, उंचीची आहे.

मलप्रभाकाठ, बेळगाव-खानापूर पट्ट्यात बरीच वर्षं हेच काम करतोय. तुमच्याच घराचा हिशोब मांडतो. फुटात मांडतो म्हणजे साइटवर टेप लावून पडताळता येईल.

पहिली गोष्ट, तुमच्या घरातला सगळ्यात गरीब नळ कुठला? वरच्या बाथरूमचा शॉवर. सगळा हिशोब त्याच्यासाठी करायचा. तो सुखी झाला की बाकीचे आपोआप होतात. वरच्या मजल्याच्या फरशीपासून स्लॅबचा माथा १० फूट, त्यावर कट्टा ४ फूट, म्हणजे टाकीचं तोंड फरशीपासून १४ फुटांवर. शॉवर ७ फुटांवर. हातात उरले ७ फूट. टाकी भरलेली असली तर आणखी तीनेक फूट मिळतात, पण ते धरायचे नाहीत. सकाळी शेवटी आंघोळ करणाऱ्याला टाकी तळाला गेलेलीच मिळते.

हे ७ फूट म्हणजे तुमचं सगळं भांडवल. आता टाकीपासून वरच्या बाथरूमपर्यंत पाईप किती लांब आहे ते सांगा, आणि त्या बाथरूममध्ये काय काय बसणार तेही.

मलप्रभाकाठ
टाकी पुढच्या कोपऱ्यावर, बाथरूम मागं. गच्चीवरून आडवा पाईप धरून साधारण ४० फूट होतो. बाथरूममध्ये शॉवर, बेसिन, फ्लश टँक, गिझर. वॉशिंग मशीन गच्चीवर नाही, खालीच.

पाईपरेंच
ठीक. आता पाणी किती लागतं ते. तुमच्या घरातले सगळे नळ एकदम उघडले तर मिनिटाला ५० लिटरच्या वर जाईल, पण तसं कधी होत नाही. सकाळी सातला वरच्या बाथरूममध्ये जास्तीत जास्त काय घडतं? कुणी शॉवरखाली आहे, मिनिटाला ९ लिटर. त्याआधी फ्लश ओढला होता, टँक भरतोय, ६ लिटर. कुणीतरी बेसिनचा नळ सोडला, ५ लिटर. झाले २० लिटर.

आता पाईप किती खातो बघा. ४० फूट पाईप आहे, त्यात एल्बो, टी, व्हॉल्व्ह, टाकीचा निपल हे सगळे मिळून आणखी २० फूट पाईपाएवढी अडचण करतात. म्हणून ६० फूट धरायचे.

पाऊण इंचीतून मिनिटाला २० लिटर जाताना दर १० फुटांना १.१ फूट उंची खर्च होते. ६० फुटांना ६.६ फूट. भांडवल ७ फूट. शॉवरला उरतं जवळजवळ काही नाही.

एक इंचीत, आतला व्यास साधारण २३ मिमी, दर १० फुटांना ०.३२ फूट. ६० फुटांना १.९ फूट. उरतात ५.१ फूट.

१८ चे २३ झाले, म्हणजे सव्वापटीपेक्षा जरासे जास्त, आणि घट साडेतीनपट कमी झाली. व्यासाचा परिणाम जवळजवळ पाचव्या घातानं होतो. म्हणूनच "एकच साईज वाढवली तर काय फरक पडणार" हा विचार पाईपाच्या बाबतीत चालत नाही.

उचगावचा_गवंडी
पाईपरेंच अण्णांचं खरं हाय. पण मी दुसरं बघतोय. ४० फूट आडवा पाईप कशाला? टाकीच बाथरूमच्या डोक्यावर घ्या की. लांबी निम्म्यावर येईल.

मलप्रभाकाठ
गवंडी काका, ते सुचलं होतं. पुढच्या कोपऱ्यात कॉलम जवळजवळ आहेत म्हणून इंजिनिअरनं टाकी तिथं धरली. बाथरूमवर बीमची मांडणी वेगळी आहे.

उचगावचा_गवंडी
हजार लिटर म्हणजे एक टन, त्यात कट्टा वेगळा. इंजिनिअरला विचारल्याशिवाय हलवू नका. पण विचारा मात्र जरूर. आणि जिन्याच्या खोलीवर टाकी चढवली तर उंचीही मिळते.

डिप्लोमा_सिव्हिल
पाईपरेंच सर, पाईपातली घट काढायच्या हेझन-विल्यम्स सूत्रानं मीही करून बघितलं, पाऊण इंचीचे आकडे जुळतात. मान्य. पण तुमचे २० लिटर कुठून आले? कॉलेजमध्ये आम्ही प्रत्येक नळाचे फिक्स्चर युनिट धरून हंटरचा आलेख वापरायचो. तुम्ही तर सरळ तीन आकड्यांची बेरीज केली.

पाईपरेंच
हंटरनं तो आलेख १९४० साली दिला, आणि तो बऱ्याच नळांच्या इमारतीसाठी आहे, जिथं कोण कधी नळ उघडेल त्याची सरासरी निघते. एक-दोन बाथरूमच्या घरात सरासरी निघत नाही. एक माणूस शॉवर सोडतो किंवा सोडत नाही. लॉज किंवा वीस फ्लॅटची इमारत असती तर मीही आलेखच काढला असता. इथं सकाळची वेळ डोळ्यांसमोर आणून बेरीज केलेली जास्त खरी ठरते.

९ लिटर पटत नसेल तर बादली लावून मोजा. १५ लिटरची बादली शॉवरखाली ठेवायची, मोबाईलवर वेळ लावायचा. १०० सेकंदात भरली तर ९ लिटर. ज्या शॉवरखाली तुम्हाला बरं वाटतं त्याच शॉवरखाली मोजा, म्हणजे तुमची गरज कळेल.

मलप्रभाकाठ
काकांच्या घरी मोजलं. शॉवर ठीक वाटतो, बादली दीड मिनिटाच्या जरा वर भरली. म्हणजे तुमचा ९ चा आकडा जवळचाच. मग एक इंची पक्की करू का? आणि फाटे अर्धा इंचीच ठेवले तर चालतील ना?

पाईपरेंच
थांबा, दोन गोष्टी राहिल्यात.

फाटा. मेन लाईन सोडून शॉवरपर्यंतचा तुकडा, भिंतीतले एल्बो धरून १५ फूट समजा. अर्धा इंची सीपीव्हीसी आतून साधारण साडेबारा मिमीच असते. तिच्यातून नुसत्या शॉवरचे ९ लिटर जरी गेले तरी या १५ फुटांत २.४ फूट जातात. म्हणजे ६० फुटांच्या एक इंचीनं जेवढं खाल्लं त्याहून जास्त हा छोटा तुकडा खातो! हाच फाटा पाऊण इंची घेतला तर ०.४ फूट. म्हणून बेसिन आणि फ्लशला अर्धा इंची चालेल, पण शॉवरच्या व्हॉल्व्हपर्यंत पाऊणच न्या आणि अर्धा इंची फक्त शेवटच्या जोडाला करा. मग शॉवरपाशी उरतात ४.७ फूट. माझा अनुभव असा की ४ फुटांच्या आत गेलं की साधा शॉवरही समाधान देत नाही. मोठा आठ इंची पावसाळी शॉवर किंवा भिंतीतला डायव्हर्टर घेणार असाल तर त्याला याहून बराच जास्त दाब लागतो. दुकानात विचारूनच घ्या.

दुसरी गोष्ट खालच्या मजल्याची, आणि मला वाटतं तुमच्या प्लंबरच्या आराखड्यात खरी खोट इथंच आहे. एकच लाईन वर-खाली दोन्हीला गेली तर खालच्या नळाला वरच्यापेक्षा १० फूट जास्त उंची मिळते. स्वयंपाकघरात कुणी नळ पूर्ण सोडला की मिनिटाला १२ लिटर सहज ओढतो. मग त्या सामाईक ६० फुटांतून २० नाही, ३२ लिटर जाणार. एक इंचीतसुद्धा आता ४.५ फूट जातात. शॉवरला उरतात जेमतेम २ फूट. वर साबण लावलेला माणूस उभा आणि खाली कुणीतरी भांडी धुतंय, हे चित्र बहुतेक घरांत असतं. लोक म्हणतात "प्रेशर नाही"; खरं तर पाणी खालच्या नळानं पळवलेलं असतं.

मलप्रभाकाठ
मग उपाय?

पाईपरेंच
टाकीलाच दोन तोंडं पाडा. एक लाईन फक्त वरच्या बाथरूमला, एक इंची. दुसरी फक्त खालच्या मजल्याला. तिला उंची भरपूर आहे, पाऊण इंची पुरते. खाली कितीही नळ सोडा, वरच्याला कळणार नाही. प्रत्येक लाईनला टाकीपाशी वेगळा व्हॉल्व्ह.

डिप्लोमा_सिव्हिल
दोन लाईनींऐवजी एकच सव्वा इंची? मी आत्ता करून बघितलं. ३२ लिटर गेले तरी ६० फुटांत १.७ फूट जातात. तुमच्या स्वतंत्र एक इंचीत १.९. म्हणजे सव्वा इंची उलट किंचित बरीच पडते, आणि गच्चीवर एकच पाईप.

पाईपरेंच
आकडे बरोबर आहेत. तरी मी दोनच घेईन. सव्वा इंचीत वर-खालचं भांडण कमी होतं, मिटत नाही. खाली वॉशिंग मशीन आणि बाथरूमचा नळ एकदम चालू झाला की पुन्हा हिशोब मोडतो. दोन लाईनींत तो प्रश्नच राहत नाही. शिवाय खानापूरच्या दुकानात सव्वा इंचीचा एखादा टी किंवा व्हॉल्व्ह वेळेला मिळेलच असं नाही.

डिप्लोमा_सिव्हिल
दुकानाचा मुद्दा मान्य. पण टाकीला दोन भोकं म्हणजे गळतीच्या दोन जागा. माझं मत सव्वा इंचीलाच.

निपाणीकर_ताई
मध्येच विचारते, राग मानू नका. आमच्याकडं गार पाणी चांगलं येतं, पण सोलरचं गरम पाणी बारीक. शेजारी म्हणतात प्रेशर पंप बसवा. पाईपचाच दोष आहे हे ओळखायचं कसं? भिंत फोडायची नाही.

पाईपरेंच
ताई, पंप घ्यायच्या आधी एक करून बघा. गवंड्याकडं लेव्हल बघायची पारदर्शक नळी असते, ती २५-३० फूट आणा. शॉवरचं डोकं काढून तिथं एक टोक घट्ट बसवा, दुसरं टोक खिडकीतून बाहेर काढून गच्चीवर टाकीच्या अंगाला उभं बांधा. गार पाण्याचा नळ सोडा, बाकी सगळं बंद. नळीत पाणी चढत चढत टाकीतल्या पाण्याच्या पातळीला येऊन थांबेल. नाही आलं तर नळीत हवा अडकली आहे, हलवून घ्या. आता कुणाला तरी बेसिनचा नळ सोडायला सांगा, आणि नळीतलं पाणी किती खाली येतं ते टेपनं मोजा. जेवढं खाली आलं तेवढे फूट त्या लाईननं खाल्ले. मग गार बंद करून गरम पाण्यावर हेच करा. दोन्ही वेळा नळ सारखाच सोडा, नाहीतर तुलना होणार नाही. आणि नळी सोलरच्या गरम पाण्यानं मऊ पडते, म्हणून पहाटे गरम पाणी निवलेलं असताना करा.

निपाणीकर_ताई
केलं. मुलगा वर, मी खाली. गार पाण्यावर बेसिन सोडल्यावर नळीतलं पाणी साधारण एक फूट खाली आलं. गरमवर तेवढाच नळ सोडला तर पाच फुटांच्या वर खाली गेलं, शेवटी गच्चीच्या कठड्याखाली दिसेनासंच झालं. नळ बंद केला की दोन्ही वेळा परत टाकीच्या पातळीला.

पाईपरेंच
म्हणजे उंची आहे, वाटेत अडथळा आहे. आता टाकीपासून सोलरला जाणारा गार पाईप बघा. गच्चीवर उघडाच असेल.

निपाणीकर_ताई
तो अर्धा इंची आहे. सोलरमधून बाथरूमला जाणारा पाऊण इंची.

पाईपरेंच
सोलरमध्ये जेवढं गार पाणी शिरतं तेवढंच गरम बाहेर पडतं. त्या अर्ध्या इंचीनं गळा आवळलाय. तेवढाच तुकडा एक इंची करून घ्या, भिंतीला हात लावायचा नाही. पण एक शंका राहते. तुमचं पाणी बोअरचं असेल तर सोलरच्या आत आणि तोंडाशी क्षार धरलेले असू शकतात. पाईप बदलूनही पातळी दोन फुटांच्या वर खाली जात राहिली तर सोलर उघडून साफ करावा लागेल. बदलल्यावर पुन्हा नळी लावून बघा.

निपाणीकर_ताई
बोअरचंच आहे. पाईप बदलल्यावर सांगते.

शहापूरचा
मग प्रेशर पंपाला तुम्ही विरोध करता का? आमच्या सोसायटीत सगळ्यांनी बसवलेत.

पाईपरेंच
विरोध नाही. पावसाळी शॉवरच हवा असेल, टाकी उंच नेता येत नसेल, तर पंपाशिवाय पर्याय नाही. पण बारीक पाईपावर पंप लावणं म्हणजे जो खर्च एकदा झिरी मारताना टळला तो दर महिन्याच्या बिलात भरणं, आणि करंट गेला की तुम्ही पुन्हा त्याच बारीक पाईपावर. पावसाळ्यात खानापूरकडं लाईट किती जाते ते मलप्रभाकाठना माहीत असेलच.

मलप्रभाकाठ, तुमच्यासाठी आणखी एक. गच्चीवरचा तो ४० फुटी आडवा पाईप टाकीकडून बाथरूमकडं सतत उतरता हवा. मध्ये कुठं विटेवर उचलला, उंटवटा झाला, तर तिथं हवा साठते आणि एवढ्या कमी उंचीत पाणी तिला ढकलू शकत नाही. टाकी रिकामी होऊन भरली की नळ नुसता फुसफुसतो. टाकीच्या व्हॉल्व्हनंतर लगेच एक टी टाकून उभा पाईप टाकीच्या वर न्या, तोंड खाली वळवून जाळी लावा. हवेला वाट मिळते. हा पाईप व्हॉल्व्हच्या आधी लावू नका, व्हॉल्व्ह बंद केला की लाईनमध्ये हवा शिरायला वाट राहत नाही.

मलप्रभाकाठ
आज प्लंबर आणि इंजिनिअर दोघांना साइटवर बोलावलं होतं. टाकी बाथरूमवर नेता येणार नाही, बीम पुन्हा काढावा लागेल. कट्टा ४ ऐवजी ५ फूट करायला इंजिनिअर तयार आहेत. दोन तोंडं ठरली: वर एक इंची, शॉवरपर्यंत पाऊण, खाली पाऊण इंची. प्लंबर सुरुवातीला म्हणत होता "पाऊण इंचीत सगळ्यांची कामं केलीत, तक्रार नाही." मी त्याला विचारलं, त्या घरांत वर बाथरूम होतं का? म्हणाला, बहुतेक बैठी घरं होती.

पाईपरेंच
बैठ्या घरात त्याचं बरोबरच आहे. तिथं शॉवरला तेवढीच उंची मिळते, पण टाकी बाथरूमवरच असते आणि खाली पाणी पळवणारं कुणी नसतं. कट्टा ५ फूट झाला म्हणजे शॉवरपाशी ५.७ फूट उरतील. प्लास्टर करायच्या आधी लाईन भरून रात्रभर ठेवा, आणि शॉवरच्या जागी बादली लावून मोजा. फ्लश, बेसिन आणि खालचा नळही चालू ठेवून मोजा. शॉवर अजून बसलेला नाही, तेव्हा आकडा ९ च्या बराच वर यायला हवा. नाही आला तर भिंत उघडी असेपर्यंतच कारण शोधा: बहुतेक वेळा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असतो किंवा जोडात सॉल्व्हंटचा गोळा आत जाऊन बसलेला असतो.

डिप्लोमा_सिव्हिल
आकडा आला की इथं टाका सर. सव्वा इंचीशी तुलना करून बघायची आहे मला.